सहांपैकी तीन : एका दुकानातल्या लिनक्सचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. त्या दिवशी कुठलाही संगणक बंद पडला नाही. दुकाने नेहमीसारखी उघडली, बिले निघाली, छापली गेली. म्हणूनच बहुतेक दुकानमालकांना ही तारीख कळलीच नाही. कळली ती त्यांचे संगणक बघणाऱ्या माणसाला. तालुक्याच्या गावात हा माणूस चार-पाच दुकानांची कामे धरतो, केबल ओढण्यापासून टॅलीचा बॅकअप घेण्यापर्यंत सगळे बघतो आणि वर्षाचे ठरलेले पैसे घेतो. कधीतरी तो मालकाला मेल लिहायला बसतो : जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही, नवी घ्यायची तर मोठा खर्च आहे, तेव्हा आपण लिनक्सवर जाऊ या का?

असा मेल कसा लिहावा आणि तो आल्यावर मालकाने त्यात काय शोधावे, हे एखादे दुकान समोर धरल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून नमुन्यादाखल सांगलीतले इलेक्ट्रिक सामानाचे एक घाऊक दुकान घेऊ. मालकी एकट्याची आहे, कंपनी नाही. संगणक सहा : बिलिंगचे दोन काउंटर, हिशेबनिशीचे एक यंत्र, कोटेशन आणि पत्रव्यवहाराचे एक, गोदामात एक आणि शेठच्या केबिनमध्ये एक. सगळे २०१५ ते २०१७ दरम्यान घेतलेले, चार जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. ती पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे हे सहाही संगणक थोडक्यात हुकले. ज्याला स्वतः तपासायचे असेल त्याने विंडोजची खूण असलेली कळ आणि R एकत्र दाबून `tpm.msc` टाइप करावे. चिप आहे की नाही आणि कोणत्या आवृत्तीची, ते समोर येते.

अशा मेलची पहिली ओळ बहुधा अशी असते : ‘शेठ, लिनक्स पूर्ण फुकट आहे.’ ओळ खरी आहे, आणि मेल बिघडतो तोही तिथूनच. कारण सांगलीतल्या, किंवा कुठल्याही गावातल्या, अनेक दुकानांनी विंडोजलाही कधी पैसे मोजलेले नसतात. यंत्र जोडून देणाऱ्याने ‘चालू करून’ दिलेले असते, वर्ड-एक्सेलही त्याच वाटेने आलेले असते. मालकाच्या लेखी दोन्ही फुकटच. मग फुकटातून फुकटात जाण्यासाठी एवढी उठाठेव कशाला, असे त्याने विचारले तर त्याचे चुकत नाही.

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर आहे, पण ते लिहायला मेल लिहिणारा कचरतो, कारण पुष्कळदा ते क्रॅक केलेले विंडोज त्यानेच बसवलेले असते. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणे, नक्कल बेकायदा आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती वापर असेल तर न्यायालय सूट देऊ शकते. धंद्याच्या फायद्यासाठी वापर असेल तर ती वाट बंद होते. शिवाय विंडोज चालू करून देणारी ती छोटी अवजारे येतात कुठून आणि सोबत काय घेऊन येतात, हे कुणीच सांगू शकत नाही. ती चालवताना अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना असते, एवढ्यावरून काय ते समजावे. चांगल्या मेलमध्ये हा परिच्छेद असतोच, भले तो लिहिणाऱ्याला अवघड वाटो.

मग लिनक्स घ्यायचे की नाही, हे ठरवायचे कशावरून? इथे फ्रान्समधले एक उदाहरण उपयोगी आहे, सांगलीच्या दुकानापेक्षा हजारो पटीने मोठे असले तरी. तिथल्या राष्ट्रीय जांदार्मरीने, म्हणजे ग्रामीण भागातला बंदोबस्त बघणाऱ्या पोलिसी दलाने, आपले संगणक लिनक्सवर नेले. पण सुरुवात लिनक्सने केली नाही. २००५ मध्ये विंडोज तसेच ठेवून त्यावर ओपनऑफिस बसवले. २००६ मध्ये ब्राउझर आणि मेलसाठी फायरफॉक्स व थंडरबर्ड आले. माणसे त्यांत रुळल्यावर २००८ पासून खालचे विंडोज काढून उबंटू हे लिनक्स घालायला सुरुवात झाली. तोवर रोज उघडायचे प्रोग्राम तेच राहिले होते; बदलली ती फक्त त्यांच्याखालची जमीन. २०१४ पर्यंत साठ हजारांहून जास्त संगणक या वाटेने गेले.

याच्या उलट उदाहरण म्युनिक शहराचे सांगतात. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा ठराव केला, दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक हलवले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. लिनक्सचे विरोधक हे उदाहरण हमखास काढतात. त्यांच्याच हातात असलेल्या अहवालातली एक गोष्ट मात्र ते सांगत नाहीत : महापालिकेने नेमलेल्या सल्लागारांनी कामकाजाच्या पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा त्रासाचे बरेचसे मूळ तांत्रिक नसून खात्याच्या विस्कळीत रचनेत आढळले. दुकानाने यातून घ्यायचे ते इतकेच, की ‘लिनक्स चांगले की वाईट’ हा प्रश्न फार पुढे नेत नाही. कोणत्या यंत्रावर कोणते काम चालते आणि ते काम कुठल्या प्रोग्रामशिवाय अडते, ही यादी हातात आली की निर्णय जवळपास आपोआप होतो.

तेव्हा यादी करू.

पहिली तीन यंत्रे लगेच निकाली निघतात. दोन्ही काउंटर आणि हिशेबाचे यंत्र टॅलीवर चालतात, आणि टॅलीप्राइम हा विंडोजचा प्रोग्राम आहे; लिनक्ससाठी तो निघत नाही. वाइन नावाचा एक दुभाषी प्रोग्राम विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवतो आणि त्यातून टॅली उघडून दाखवणारेही भेटतात. पण उघडणे वेगळे आणि धंदा चालवणे वेगळे. छपाईचा साचा हलला, परवान्याची पडताळणी अडली किंवा नवी आवृत्ती आल्यावर काहीतरी मोडले, तर टॅलीचा विक्रेता ‘आमच्याकडे हे बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचे असते, २० तारखेला ३-बी. त्या आठवड्यात काउंटरवर असा प्रयोग फसला, तर वाचलेल्या पैशांची आठवणही कुणी काढणार नाही.

आणखी एक वाट लोक सुचवतात : टॅली एकाच विंडोज यंत्रावर ठेवायचे आणि बाकीच्यांनी लिनक्सवरून दूरस्थ पद्धतीने त्याच्या पडद्यावर काम करायचे. तांत्रिकदृष्ट्या हे छान चालते. अडचण एवढीच, की साध्या विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दुसरा आत आला की पहिला बाहेर. एकाच वेळी तिघांना बसवायचे तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे माणसागणिक परवाने घ्यावे लागतात. मग जी बचत करायला निघालो, ती तिथेच संपते. म्हणून या तीन यंत्रांसाठी मेलमध्ये सरळ लिहावे : ही विंडोजवरच राहतील, आणि त्यांच्या जागी विंडोज ११ असलेली तीन नवी यंत्रे घ्यावीत. मायक्रोसॉफ्ट जुन्या विंडोज १० ला व्यावसायिक ग्राहकांसाठी पैसे घेऊन दुरुस्त्या देते, पण पहिल्या वर्षाचा दर यंत्रामागे ६१ डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांहून जास्त आहे. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि तीन वर्षांनी संपतो. दिवाळीपर्यंत खरेदी ढकलायची असेल तर ठीक, एरवी त्यात राम नाही.

उरलेली तीन यंत्रे म्हणजे खरा विषय. गोदामातल्या यंत्रावर व्हॉट्सअॅप वेब, ई-वे बिलाचे संकेतस्थळ आणि आलेल्या मालाची एक तालिका, एवढेच उघडते. पहिली दोन कामे ब्राउझरमध्ये होतात, तेव्हा त्यांना खाली कोणती प्रणाली आहे याचे सोयरसुतक नाही. शिल्लक माल बघण्यासाठी गोदामवाला आजवर टॅली उघडत असेल, तर त्याची सोय करावी लागेल. टॅलीप्राइमचे वार्षिक नूतनीकरण चालू असेल तर त्याचे अहवाल ब्राउझरमधून बघता येतात. फक्त त्या वेळी दुकानातल्या यंत्रावर टॅली आणि ती कंपनी उघडी असावी लागते. बारकोड वाचणारे यूएसबी यंत्र संगणकाला कीबोर्डच वाटते, त्यामुळे ते खोचले की चालू. गोदामाचे यंत्र, थोडक्यात, सर्वांत सोपे. सुरुवात तिथूनच करावी.

पत्रव्यवहाराचे यंत्र सर्वांत अवघड, आणि नवख्या माणसाला ते सर्वांत सोपे वाटते. ‘वर्ड-एक्सेलच तर आहे, लिबरऑफिस उघडते ते सगळे.’ उघडते, हे खरे. पण कोटेशनची जी एक फाइल दुकानात आठ वर्षे फिरते आहे, तिच्यात कुणीतरी बटण ठेवलेले असते. ते दाबले की दर बदलतात, सवलत लागते, नवा क्रमांक पडतो. ते बटण म्हणजे मॅक्रो, आणि एक्सेलचे मॅक्रो लिबरऑफिसमध्ये काही चालतात, काही चालत नाहीत. चालले नाही तर निदान त्रुटीची चौकट येते. त्याहून वाईट म्हणजे पानाची मांडणी सरकणे : एका पानात बसणारे कोटेशन दीड पानाचे होते आणि सही-शिक्का दुसऱ्या पानावर जातो. याचे कारण बहुधा फॉन्ट असते. कॅलिब्री हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा आहे. तो नसला की दुसरा येतो आणि अक्षरांची रुंदी बदलते. यासाठी कार्लिटो नावाचा मोफत फॉन्ट आहे, त्याच्या अक्षरांची मापे कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहेत. तो बसवला की बरीचशी पाने परत जागेवर येतात.

म्हणून मेलमध्ये ‘सगळ्या फाइली चालतील’ हे वाक्य असेल तर मालकाने ते खोडावे. त्याऐवजी रोजच्या वापरातल्या दहा फाइली निवडून, त्या लिबरऑफिसमध्ये उघडून, बेरजा ताडून, छापून दाखव, असे सांगावे. हे काम आजच्या विंडोजवरच होते, त्यासाठी लिनक्सची वाट बघायची गरज नाही. फ्रेंच पोलिसांचा क्रम इथे कामी येतो.

मराठीचा प्रश्न निराळा आहे. जुन्या दुकानांत पत्रे, दरपत्रके, दसऱ्याच्या शुभेच्छा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. श्रीलिपी हे पुण्यातले सॉफ्टवेअर, पण चालते विंडोजवर. त्यातली जुनी पत्रे युनिकोडमध्ये नसतील तर फॉन्ट बसवून ती वाचता येतील, पण त्यात भर घालता येणार नाही. लिनक्सवर मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कळफलक आणि उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची पद्धत, दोन्ही मोफत मिळतात. बोटांना जुनी सवय असलेल्या माणसाला मात्र हे बदलणे एक्सेल बदलण्यापेक्षा जड जाते. तिथे वीस वर्षे टाइप करणाऱ्या ताई असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय मेल पाठवूच नये.

आणि मग प्रिंटर. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर भारतातल्या किती कार्यालयांत आहे याला गणती नाही. वकील, सीए, झेरॉक्सवाले, सगळ्यांकडे तो दिसतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. लिनक्सवाल्यांच्या डोकेदुखीतही त्याचा नंबर वरचा. हा प्रिंटर पान स्वतः तयार करत नाही. संगणकाने ते त्याच्या खास भाषेत तयार करून द्यावे लागते. कॅननने लिनक्ससाठी तसा ड्रायव्हर दिलेला आहे, पण तो जुना आहे आणि नव्या लिनक्सवर बसवताना हट्ट करतो. बसला तरी काही दिवसांनी प्रणाली अद्ययावत झाली की छपाई रांगेत अडकून राहते आणि पडद्यावर चूकही दिसत नाही. ‘प्रिंटर विंडोजच्या यंत्राला जोडून नेटवर्कवर वाटून देऊ,’ ही युक्ती सुचते, पण लिनक्सच्या बाजूला ड्रायव्हर तरीही लागतोच. सरळ उपाय दोन : पत्र पीडीएफ करून विंडोजच्या यंत्रावरून छापायचे, नाहीतर नेटवर्कवर बसणारा, लिनक्सला ओळखणारा नवा प्रिंटर घ्यायचा. गंमत अशी, की काउंटरवरचा खडखडणारा डॉट मॅट्रिक्स लिनक्सवर सहज चालला असता. त्याची भाषा जुनी आणि सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो काउंटर विंडोजवरच राहायचा आहे.

राहिले शेठच्या केबिनमधले यंत्र. बँकेचे संकेतस्थळ, मेल, बातम्या; वरवर पाहता यात काहीच अडायला नको. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन कंपन्यांना आणि एलएलपींना सक्तीचा आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला मोबाइलवरच्या ओटीपीने विवरणपत्र भरता येते, तेव्हा तीही कटकट नाही. मेल आउटलुकमध्ये असेल तर थोडे सांभाळावे लागते. आउटलुक आपला साठा पीएसटी नावाच्या फाइलीत ठेवतो आणि लिनक्सवरचा थंडरबर्ड ती थेट उघडत नाही. विंडोज असतानाच तो साठा थंडरबर्डमध्ये ओढून घ्यायचा असतो. हे विसरले तर पुरवठादारांशी झालेला दहा वर्षांचा पत्रव्यवहार एका बंद फाइलीत अडकतो.

पण खरा पेच कॅमेऱ्यांचा. शेठ दिवसभर त्या पडद्यावर गोदाम बघतात. जुन्या डीव्हीआरचे चित्र ब्राउझरमध्ये दिसण्यासाठी अॅक्टिव्हएक्सचा जोड लागतो आणि तो विंडोजपलीकडे चालत नाही. संगणक लिनक्सवर गेला, सगळे नीट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेठना कॅमेरे दिसले नाहीत, तर पूर्ण योजना तिथेच संपते, मग गोदामातला मुलगा कितीही खूश असो. यावर तोडगे आहेत : डीव्हीआरमधून एचडीएमआय केबल ओढून वेगळा पडदा लावायचा, मोबाइलवरचे अॅप वापरायचे, किंवा डीव्हीआर साध्या प्रवाहाच्या रूपात चित्र देत असेल तर ते व्हीएलसीमध्ये उघडायचे. यातला कोणता, ते आधी ठरवून मेलमध्ये लिहायला हवे.

हे सगळे कळण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे पेनड्राइव्ह. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटसारखी प्रणाली चढवून संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. आतल्या डिस्कला हात लागत नाही. रविवारी दुपारी एकेका यंत्रावर ती लावायची : प्रिंटर दिसतो का, आवाज येतो का, नेट लागते का, कॅमेरे उघडतात का. काढून घेतली की विंडोज जसेच्या तसे. या चाचणीचा निकाल जोडलेला नसेल, तर तो मेल अजून अपुरा आहे.

आता पैसे. दर गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, तेव्हा पुढचे आकडे गृहीत धरलेले समजावेत. एका नव्या यंत्राला विंडोजसकट ४० हजार धरू. सहाही बदलायची तर २ लाख ४० हजार. मेलमधला प्रस्ताव तीनच बदलतो : १ लाख २० हजार. लिनक्सवर जाणाऱ्या तीन यंत्रांत एसएसडी आणि थोडी रॅम घालायला प्रत्येकी ३,५०० म्हणजे १०,५००. बसवणे, शिकवणे आणि पहिल्या महिन्यातल्या फेऱ्या यांचे १२ हजार. नव्या प्रिंटरचे १५ हजार. एकूण १ लाख ५७ हजार ५००. सहा नव्या यंत्रांच्या तुलनेत बचत ८२,५०० रुपये.

मेल बहुधा इथेच थांबतो. हिशेब मात्र थांबत नाही. तिघेजण महिनाभर रोज तासभर अडखळणार : हे कुठे आहे, ते कसे होते, जुनी फाइल कुठे गेली. पंचवीस दिवसांचे पंचाहत्तर तास. महिना १८ हजार पगार आणि दोनशे तास काम धरले तर तासाला ९० रुपये, म्हणजे ६,७५०. बचत ७५,७५० वर आली. आणि ही यंत्रे आठ-दहा वर्षांची आहेत. लिनक्सने मदरबोर्ड तरुण होत नाही. पुढच्या दोन वर्षांत तिघांपैकी एक जरी कायमचे गेले आणि नवे घ्यावे लागले, तर ४० हजार त्यातून वजा, उरले ३५,७५०. वाईट नाही, पण ८२,५०० हा आकडा दाखवून होकार घेणे आणि हा आकडा दाखवून घेणे, यांत फरक आहे. दुसरा आकडा पुढे ठेवणाऱ्याला दोन वर्षांनी मान खाली घालावी लागत नाही.

आणखी एक हिशेब स्वच्छ करायला हवा. लिनक्स घातल्यावर जुने यंत्र ‘पळायला’ लागते, असे सगळेच सांगतात. त्यातला मोठा वाटा एसएसडीचा असतो. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर विंडोज १० सुद्धा पळते. वेग हे लिनक्सकडे जाण्याचे कारण म्हणून मेलमध्ये येऊ नये. दुरुस्त्या मिळत राहणे, हे यावे. मिंटची २२ ही आवृत्ती जुन्या यंत्रांवर चालते आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

धोक्यांच्या बाजूला व्हायरसचा उल्लेख प्रत्येक मेलमध्ये असतो, पण उलट्या टोकाने. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य बरोबर नाही. लक्ष्य म्हणून ते लहान आहे, एवढेच. दुकानाचा खरा फायदा वेगळाच आहे. टॅलीचा डेटा बहुतेक ठिकाणी एका यंत्रावरच्या फोल्डरमध्ये असतो आणि तो सगळ्यांना लिहिण्याच्या अधिकारासकट वाटलेला असतो. मग कोटेशनच्या यंत्रावर कुणी मेलमधली खोटी पावती उघडली, की फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम नेटवर्कवरून थेट हिशेबापर्यंत पोचतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो असाच एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत. आणि त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मेल आणि व्हॉट्सअॅप उघडणारी तीन यंत्रे टॅलीच्या फोल्डरपासून तोडली, तर ही वाट अरुंद होते. पण ती तोडल्याने होते, लिनक्समुळे नव्हे. विंडोजवर राहूनही ते फोल्डर आजच बंद करता येईल. बॅकअप दोन्हीकडे सारखाच लागतो, आणि तो यंत्राला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर असेल तर त्याचाही बळी जातो.

सर्वांत मोठा धोका मेल लिहिणारा लिहीत नाही, कारण तो स्वतःच तो धोका आहे. विंडोज बिघडले तर गल्लीतला कुणीही पोरगा बघतो. लिनक्स बघणारे सांगलीसारख्या शहरात मोजके. हा माणूस उद्या पुण्याला नोकरीला गेला, आजारी पडला किंवा त्याने दर वाढवले, तर? शेठनी उत्तरात पहिली अट हीच घालावी : गावातल्या दुसऱ्या एका माहितगाराचे नाव आणि होकार, तिन्ही यंत्रांचे पासवर्ड कागदावर बंद पाकिटात, आणि काय बसवले, कुठून बसवले याची दोन पानी नोंद. लिहिणारा यावर नाराज झाला तर तेही एक उत्तरच समजायचे.

वेळापत्रकही मेलमध्ये हवे. मार्च महिना वर्ज्य. प्रत्येक महिन्याचे १० ते २० हे दिवसही. इलेक्ट्रिकच्या दुकानात नवरात्रापासून दिवाळीपर्यंत माळांची आणि दिव्यांची झुंबड असते, त्या काळात स्क्रूड्रायव्हरलाही हात लावू नये. त्याआधीचा पितृपंधरवडा मात्र बाजाराला थंड असतो. तो या कामासाठी नेमका. त्याच्या महिनाभर आधी तिन्ही यंत्रांवर, विंडोज तसेच ठेवून, लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड सुरू करायचे. महिन्याअखेरीस ताई म्हणाल्या की कोटेशन जमत नाही, तर ते यंत्र यादीतून काढायचे आणि दोनच हलवायची. खर्च काहीच झालेला नसतो. पितृपंधरवड्यात गोदामाचे यंत्र आधी, आठवड्याने शेठचे आणि सर्वांत शेवटी पत्रव्यवहाराचे.

परतीची वाटही याच क्रमात बसते. नवी एसएसडी घालताना जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही. काढून, यंत्राचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवायची. अडले तर ती परत जोडली की दहा मिनिटांत जुना संगणक जसाच्या तसा उभा राहतो. फक्त मधल्या काळातल्या नव्या फाइली आधी पेनड्राइव्हवर काढून घ्याव्या लागतात आणि ते यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवावे लागते, कारण त्याच्यावर पुन्हा तेच दुरुस्त्या न मिळणारे विंडोज असते. डिस्क किती दिवस ठेवायची, हेही मेलमध्ये लिहिलेले असावे. तीन महिने पुरतात. त्या काळात पगारपत्रक, तिमाहीची कागदपत्रे आणि दिवाळीची दरपत्रके एकदा तरी होऊन जातात, आणि एखादी विसरलेली फाइल सापडायची असेल तर ती याच कामांत सापडते.